साबणाच्या पाकिटावरचा ससा खरा कसा ओळखायचा?

*ताई, नमस्कार. मुलगा आणि सून बंगळुरूहून कायमचे नाशिकला आमच्याकडे राहायला येत आहेत. सून व्हीगन आहे. स्वयंपाकाचं मी बरंच शिकून घेतलं. पण परवा फोनवर तिनं सहज विचारलं, "आई, आपल्याकडे अंगाला साबण कोणता असतो?" आणि मी गप्पच झाले. दुकानात जाऊन बघितलं, तर एका साबणावर हिरवा ठिपका, एकावर नुसतं "हर्बल", कपड्यांच्या कंडिशनरवर सशाचं चित्र आणि "क्रुएल्टी-फ्री". प्रदर्शनात बचत गटाच्या एका बाईंनी बकरीच्या दुधाचा साबण "शंभर टक्के व्हीगन" म्हणून दिला. यातलं खरं काय मानायचं? घरातलं सगळंच बदलावं लागेल का? धुण्याभांड्याला मावशी येतात, त्यांनाही जमेल असं सांगा.*
*— एक सासू, नाशिक*

नमस्कार.

बकरीच्या दुधाचा साबण व्हीगन नसतो. दूध प्राण्याचं आहे, आणि व्हीगन माणूस दूध, मध, मेण, लोकर, रेशीम यातलं काहीच वापरत नाही. त्या बाईंनी तुम्हाला जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणणार नाही. "शाकाहारी" आणि "व्हीगन" यांची सरमिसळ आपल्याकडे फार होते, आणि दुधाला शाकाहारी मानणाऱ्या समाजात ती होणं साहजिक आहे. पण तो साबण सुनेसाठी ठेवू नका. तुम्ही स्वतः वापरून संपवा.

हिरव्या ठिपक्याचंही तेच. खाद्यपदार्थांच्या नियमात दूध, मध, मधमाशांचं मेण आणि लाख हे मांसाहारी धरलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर हिरवा ठिपकाच येतो. साबणावर ठिपका छापणं तर सध्या कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणून साबणावर हिरवा ठिपका दिसला, तर कंपनी "यात चरबी नाही" असं सांगते आहे एवढं समजा. तो दिसला नाही म्हणून चरबी आहेच असंही नाही. पानाचं चिन्ह असलेला हिरवा "व्ही" तुम्ही सोया दुधाच्या खोक्यावर पाहिला असेल. तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आहे आणि फक्त खाद्यपदार्थांसाठी आहे. साबणावर तो छापलेला दिसला तर त्या कंपनीकडे जरा जास्तच बारकाईनं बघा. आणि "हर्बल" या शब्दानं यातलं काहीच कळत नाही. कडुनिंबाचा अर्क चरबीच्या साबणातही घालता येतो.

आता मूळ गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पाकिटं ते मुद्दाम एकत्र करतात. पहिला: यात प्राण्यापासून आलेलं काही आहे का? दुसरा: हे प्राण्यांवर तपासलं आहे का? "व्हीगन" हे पहिल्याचं उत्तर, ससा हे दुसऱ्याचं. ससा असलेल्या साबणात मध असू शकतो. उलट, सगळंच्या सगळं वनस्पतीजन्य असलेल्या पावडरीतला एखादा घटक सशाच्या डोळ्यात घालून तपासलेला असू शकतो. सुनेला बहुधा दोन्ही नको असणार, पण तिला एकदा विचारून घ्या, कारण पुढची सगळी शोधाशोध त्यावर ठरते.

पहिला प्रश्न अंगाच्या साबणात सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. चरबी गाईम्हशीची किंवा शेळीमेंढीची असेल, तर घटकांच्या यादीत सोडियम टॅलोएट असं लिहिलेलं असतं. डुकराची असेल तर सोडियम लार्डेट. पामतेल असेल तर सोडियम पामेट, पामच्या गराचं तेल असेल तर सोडियम पाम कर्नलेट, खोबरेल असेल तर सोडियम कोकोएट. अंगाचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, त्यामुळे ही यादी छापावी लागते, आणि एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावे लागतात. म्हणजे साबण कशाचा आहे ते यादीच्या पहिल्या दोन-तीन नावांतच कळतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला, शिवणीच्या दुमडीत, मुंगीएवढ्या अक्षरात असते ती. मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा.

आपल्या देशात बनलेल्या साबणांत तुम्हाला टॅलोएट सहसा दिसणार नाही. 1983 साली वनस्पती तुपात गोवंशाची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. आपला साबण उद्योग आज प्रामुख्यानं पामतेलावर चालतो. (पामसाठी जंगलं तोडली जातात हा गंभीर प्रश्न आहे, पण व्हीगन असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे सोडते.) तुमच्या घरात धोका आहे तो बहुधा परदेशातून आलेल्या साबणाचा. अमेरिकेतला भाचा बॅग भरून सुवासिक वड्या आणतो, त्या कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवलेल्या असतात. तिकडचे रोजच्या वापरातले कितीतरी साबण आजही चरबीचे असतात. आधी ते कपाट बघा.

टॅलोएट नसलं म्हणजे संपलं, असं मात्र नाही. यादीत दोन नावं अशी सापडतील, ज्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही: ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड. दोन्ही पामतेलापासून निघतात, दोन्ही चरबीपासूनही निघतात. शुद्ध केल्यावर दोन्हीकडचा पदार्थ एकच असतो. रंग, वास, गुणधर्म सगळं सारखं. साबण जाळून वास घ्या, गरम पाण्यात टाकून तवंग बघा असे उपाय मोबाईलवर फिरतात, त्यांत काडीचा अर्थ नाही. अख्ख्या साबणातली चरबी प्रयोगशाळेत ओळखता येते. पामतेलात स्टिअरिक ॲसिड साधारण चार-पाच टक्के असतं, गोवंशाच्या चरबीत वीस टक्क्यांच्या आसपास, आणि चरबीबरोबर थोडं कोलेस्टेरॉलही येतं. गॅस क्रोमॅटोग्राफीवर हे दिसतं. पण वरून घातलेलं शुद्ध ग्लिसरीन कुठून आलं, ते अशा चाचणीत सांगता येत नाही. ते फक्त कागदावर कळतं: साबणवाल्याला ज्यानं ते विकलं, त्यानं काय लिहून दिलं आहे? खरा दावा आणि पोकळ दावा यांतला फरक इथेच आहे. ज्याच्याकडे पुरवठादाराचा कागद आहे तो उत्तर देतो, ज्याच्याकडे नाही तो जाहिरात वाचून दाखवतो.

याशिवाय यादीत मध, मधमाशांचं मेण, लॅनोलिन, दूध, रेशमाचं प्रथिन, केराटिन, कोलॅजन यांची नावं शोधा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा स्निग्ध पदार्थ. लाल-गुलाबी साबणात सीआय 75470 हा आकडा दिसला तर तो कोचिनील किड्यांपासून काढलेला कार्माइन रंग असतो. साबणात तो क्वचितच असतो, लिपस्टिकमध्ये जास्त.

बचत गटांच्या आणि घरगुती साबणांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. "हातानं बनवलेला" म्हणून विकले जाणारे बरेच साबण तयार सोप बेस वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतलेले असतात. बेस पाच-दहा किलोच्या ठोकळ्यांत मिळतो: ग्लिसरीनचा, शिया बटरचा, बकरीच्या दुधाचा, मधाचा. लहान ब्रँड असतील तर ते सोप नूडल्स, म्हणजे शेवयांसारखे तयार साबणाचे तुकडे विकत आणतात आणि त्यात सुगंध मिसळून वड्या पाडून घेतात. दोन्हीत गैर काही नाही. पण विकणाऱ्या ताईंना आतलं तेल कुठलं ते ठाऊक नसणं अगदी शक्य आहे. त्यांना "व्हीगन आहे का?" असं विचारू नका. "बेस कुठला आणता? त्याच्या पोत्यावरची यादी दाखवाल का?" असं विचारा. ज्या खरोखर तेल आणि कॉस्टिक घेऊन साबण घालतात, त्या तुम्हाला खोबरेल किती, एरंडेल किती हे बोटावर मोजून सांगतील. असा साबण मिळाला तर आनंदानं घ्या.

आता दुसरा प्रश्न, सशाचा. 2014 पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तशी चाचणी झालेली प्रसाधनं आयात करायलाही बंदी आहे. म्हणजे इथे बनलेल्या अंगाच्या साबणावर "प्राण्यांवर चाचणी केलेली नाही" असं ठळक छापलं असेल, तर कायद्यानं जे सगळ्यांना बंधनकारक आहे तेच विशेष म्हणून सांगितलं जात आहे. त्यावर जास्त पैसे देऊ नका.

कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, फरशीचं फिनेल आणि तुमचं ते कंडिशनर मात्र अंगाला लावायच्या वस्तू नाहीत, म्हणून त्या सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतच बसत नाहीत. 2014 ची बंदी त्यांना लागू नाही. ससा छापण्याला खरा अर्थ असेल तर तो इथे, आणि नेमकं इथेच त्याची खात्री करून घ्यावी लागते.

ससा कुणीही काढू शकतो. उडी मारणारा, कान टवकारलेला, दोन पानांत बसलेला, असे कितीतरी ससे चित्रकारानं संगणकावर बसून काढलेले असतात, त्यांच्यामागे कुठलीही संस्था नसते. ज्यांच्यामागे संस्था आहे अशी दोन चिन्हं ओळखायला शिका. एक लीपिंग बनी, उडी घेणारा ससा आणि दोन चांदण्या. हे मिळवण्यासाठी कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते. त्या तारखेनंतर तिनं, तिच्या पुरवठादारांनी किंवा तिच्यासाठी दुसऱ्या कुणी, तयार मालाची वा त्यातल्या घटकांची प्राण्यांवर चाचणी केलेली नसावी लागते. पुरवठादारांवर लक्ष ठेवायची पद्धत दाखवावी लागते आणि बाहेरच्या तपासनिसांना कागद उघडून द्यावे लागतात. दुसरं पेटा या प्राणिहक्क संघटनेचं. तिथे कंपनी पुरवठादारांसह आपली जबाबदारी लेखी स्वीकारते. हे मुख्यतः त्या लेखी हमीवर चालतं, म्हणून मी लीपिंग बनीला थोडं वरचं स्थान देते, पण पेटाची हमीही काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी. पेटाच्या यादीत दोन पायऱ्या आहेत: फक्त चाचणीमुक्त, आणि चाचणीमुक्त व व्हीगन. सुनेसाठी दुसरी बघा. लीपिंग बनी घटकांबद्दल काहीच सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

घटकांसाठी सूर्यफुलाच्या चित्राचं, इंग्लंडच्या व्हीगन सोसायटीचं चिन्ह भरवशाचं आहे. त्यात प्राण्यांवरच्या चाचणीचीही अट आहे. पण ते एकेका वस्तूसाठी दिलं जातं, सगळ्या ब्रँडसाठी नाही. एका शॅम्पूला मिळालेलं सूर्यफूल त्याच कंपनीच्या साबणाला लागू होत नाही. दुकानदार किंवा वेबसाइट "आमचा ब्रँड व्हीगन सर्टिफाइड आहे" म्हणते तेव्हा पुष्कळदा हीच गफलत असते.

चिन्ह दिसलं की पाकिटावर विसंबू नका, ज्याचं चिन्ह आहे त्याच्या दारात जाऊन नाव शोधा. leapingbunny.org, crueltyfree.peta.org आणि vegansociety.com या ठिकाणी ब्रँडचं किंवा वस्तूचं नाव टाकून शोधता येतं. मुलगा दोन मिनिटांत करून देईल. नाव सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं तर लगेच खोटं ठरवू नका. स्पेलिंग वेगळं असेल, मूळ कंपनीच्या नावावर नोंद असेल, किंवा मुदत संपली असेल. मग कंपनीला विचारायचं.

तुमच्या कंडिशनरचं उदाहरण घेऊनच ते कसं विचारायचं ते सांगते, कारण तुमच्या घरातली सगळ्यात संशयास्पद वस्तू ती आहे. कपडे मऊ करणारा मुख्य घटक धनभारित असतो. तो धाग्याला चिकटून राहतो, म्हणून टॉवेल हाताला गुळगुळीत लागतो. या घटकाचा लांब, तेलकट भाग जगभर कित्येक वर्षं गोवंशाच्या चरबीपासून बनवला जात आला आहे, आणि आजही चरबीपासून व पामपासून असे दोन्ही प्रकार बाजारात आहेत. पाकिटावर बहुधा "कॅटायॉनिक सरफॅक्टंट" एवढंच लिहिलेलं असतं, कारण कपड्यांच्या मालाला प्रसाधनांसारखी पूर्ण यादी छापावी लागत नाही. यादी असेल आणि तिच्यात "टॅलो" हे अक्षर एखाद्या लांबलचक नावाच्या पोटात कुठेही दिसलं, तर उत्तर मिळालं. नसेल तर बाटलीवर ग्राहक सेवेचा ईमेल असतो, तो कायद्यानं द्यावाच लागतो. त्यावर एवढंच लिहा:

"तुमच्या अमुक कंडिशनरमधला कपडे मऊ करणारा घटक प्राण्यांच्या चरबीपासून बनवला आहे, वनस्पती तेलापासून, की पुरवठ्यानुसार बदलतो? त्यातल्या सुगंधात किंवा रंगात प्राणिजन्य काही आहे का? तुम्ही, तुमचे पुरवठादार किंवा तुमच्या वतीनं कुणी, तयार मालाची अथवा घटकांची प्राण्यांवर चाचणी करता का, आणि केव्हापासून करत नाही? बाटलीवरचं सशाचं चिन्ह कोणत्या संस्थेचं आहे?"

ईमेलमध्ये वस्तूचं पूर्ण नाव आणि बाटलीवरचा बॅच नंबर घाला. चार प्रश्न सुटे सुटे विचारा. नुसतं "व्हीगन आहे का?" विचारलंत तर "हो" असं एका शब्दाचं उत्तर येईल आणि ते कशाबद्दल आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

उत्तर कसं वाचायचं, यात खरी मेख आहे. "आम्ही भारतीय कायद्यांचं काटेकोर पालन करतो" हे उत्तर नाही. कंडिशनरला तो कायदा लागूच नाही. "आम्ही तयार उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी करत नाही" हे अर्धं उत्तर आहे. तयार मालाची चाचणी तशीही कमीच होते, प्रश्न असतो घटकांचा, आणि त्यांचा उल्लेख इथे शिताफीनं टाळलेला आहे. "आम्ही चाचणी करत नाही, कायद्यानं आवश्यक असेल तिथे वगळून" यातलं शेवटचं वगळणं नीट वाचा. ही कंपनी ज्या देशात चाचणी मागितली जाते तिथे ती करू देते. "घटक वनस्पती किंवा प्राणिजन्य स्रोतातून असू शकतो" याचा अर्थ "व्हीगन नाही" असाच घ्या, कारण कंपनी त्यावर लक्ष ठेवत नाही. आणि "हा घटक पामतेलापासून आहे, पुरवठादाराचं लेखी निवेदन आमच्याकडे आहे, ससा अमुक संस्थेचा आहे" असं आलं, तर बाटली ठेवा. महिनाभरात काहीच आलं नाही तर ती वस्तू पुन्हा घेऊ नका.

एवढ्यावरही कंपनी ससा आणि "क्रुएल्टी-फ्री" मिरवत राहिली आणि आधार दाखवत नसेल, तर तक्रार करायला जागा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुरेसं स्पष्टीकरण आणि पुरावा दिल्याशिवाय वापरू नयेत अशा शब्दांत तिथे "नॅचरल", "ऑरगॅनिक" यांच्या बरोबर "क्रुएल्टी-फ्री" हा शब्दही घेतला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जाहिरातीतला दावा असेल तर मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडेही तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. दोन्ही ठिकाणी पाकिटाचा फोटो आणि तुमचा ईमेल जोडा. आणि आपल्या जवळ पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था 1974 पासून नेमकं हेच काम करते आहे. कुठल्या वस्तूत प्राण्यांचं काय असतं याची त्यांनी गोळा केलेली माहिती वाचण्यासारखी आहे.

म्हणजे घरातलं सगळं बदलायची गरज नाही. साधी कपड्यांची पावडर घटकांच्या बाबतीत बहुतेक वेळा निर्धोक असते. तिच्यातला फेस करणारा भाग पेट्रोलियमपासून बनतो. कारखान्यात त्याला ॲसिड स्लरी म्हणतात, तीच सोड्याबरोबर मिसळून पावडर होते. बाकी धुण्याचा सोडा, मीठवर्गीय भरताड, निळसर चमक देणारा कृत्रिम पदार्थ. "एन्झाइम" शब्द वाचून पुष्कळजणी दचकतात. फार पूर्वी, 1913 च्या सुमाराला जर्मनीत पहिलं एन्झाइमचं धुणं निघालं, ते खरोखर प्राण्यांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरून. आज ती एन्झाइम्स जिवाणूंच्या किण्वनातून काढतात. पावडरीच्या बाबतीत प्रश्न उरतो तो फक्त चाचणीचा, आणि त्यासाठी वर सांगितलेल्या संस्थांच्या वेबसाइटवर नाव असलेला ब्रँड शोधणं हाच मार्ग आहे. भांड्यांच्या वडीचंही जवळपास तसंच.

कंडिशनर मात्र मी तुमच्या जागी बंदच करीन. टॉवेल त्यानं पाणी कमी शोषतात, हे तुम्हालाही जाणवलं असेल. शेवटच्या पाण्यात पाव कप पांढरं व्हिनेगर घातलं तर पावडरीचा कडकपणा निघून जातो. वास वाळल्यावर राहत नाही. मावशींना एक गोष्ट नक्की बजावून सांगा: ब्लीच वापरलं असेल त्या पाण्यात व्हिनेगर घालायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो छातीत जातो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून केलेलं "घरगुती डिटर्जंट" मोबाईलवर दिसेल. त्याचा फेस बघायला छान असतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. कपडे त्यानं निघत नाहीत.

रिठा ही मात्र आपल्या हातातली खरी वस्तू आहे. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, थंड झाल्यावर चोळून गाळून घ्या. लोकरीचे स्वेटर, नाजूक ब्लाउज, बाळाचे कपडे यासाठी अर्धी बादली कोमट पाण्यात अर्धा कप पुरतो. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर रिठ्याचा आणखी एक फायदा: साबणासारखा त्याचा चिकट पांढरा थर बसत नाही. पण त्याच्या मर्यादा मावशींना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्या पावडर मागतील. तेलकट कॉलर आणि हळदीचे डाग त्यानं निघत नाहीत. पांढऱ्या कपड्यांवर हळूहळू पिवळट झाक येते. काढा फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, बाहेर दोन दिवसांत आंबतो. डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. म्हणून रोजच्या सुती कपड्यांना पावडर आणि निवडक कपड्यांना रिठा, असं वाटून घेतलेलं बरं. कढई-तव्याच्या चिकटपणाला गरम पाण्यात धुण्याचा सोडा एक चमचा पुरे, पण ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नका, ती काळी पडतात. हात कोरडे होतात, मावशींना हातमोजे द्या.

सुरुवात अशी करा. परदेशी साबण बाजूला काढा. रोजच्या अंगाच्या साबणाची यादी वाचा. पामेट आणि पाम कर्नलेट किंवा कोकोएट पुढे असेल आणि दूध-मध नसेल, तर ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिडबद्दल एक ईमेल टाका. कंडिशनर थांबवा. पावडरीसाठी त्या वेबसाइटवरच्या यादीतला एखादा ब्रँड सून आल्यावर तिच्याबरोबर बसून ठरवा. तिचा तिकडे वापरात असलेला काही असेल, तो नाशिकला मिळतो का तेही तेव्हाच बघता येईल. फडताळात जे उघडं पाकीट आहे ते तुम्ही आणि भाऊजी वापरून संपवा, फेकून देऊन कुठल्या गाईचं भलं होत नाही.

आणि एकदा खात्री झालेल्या साबणाचं पाकीट बदललं, वर "नवा" किंवा "सुधारित" असं आलं, की यादी पुन्हा वाचा. तेल महाग झालं की कृती बदलते, आणि बदल पाकिटाच्या मागच्या बाजूलाच छापलेला असतो.